घरंगळत आलेली लिपस्टिक

प्रश्न : मागच्या रविवारी टीव्हीवर जुना तमाशापट लागला होता. मुलगी पुण्याला मास कम्युनिकेशन शिकते, ती सुट्टीला आली होती. लावणी सुरू झाली तशी ती म्हणाली, "आई, हा टिपिकल मेल गेझ." यावर आमचे हे म्हणाले, "नऊवारीत नखशिखान्त झाकलेली बाई आहे ती. यात कसला आलाय गेझ?" दोघांचं चांगलंच वाजलं. मला विचारायचंय ते असं, की ही पुरुषी नजर म्हणजे नेमकं काय? ती पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते, की नुसतंच म्हणायचं असतं? आणि हिरो शर्ट काढून नाचतो, त्याला मग काय म्हणायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बोट ठेवून दाखवता येते. रिमोटवरचं पॉजचं बटण चालत असेल तर आज रात्रीच बघा. पण आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा घेते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. ही नजर कपड्यांवर ठरत नाही. नऊवारीतल्या बाईवर ती असू शकते आणि पोहण्याच्या पोशाखातल्या बाईवर नसूही शकते. ती असते शॉटच्या क्रमात. आधी कोण दिसतं, मग काय दिसतं, आणि लगेच त्यानंतर कुणाचा चेहरा येतो, हे बघायचं.

माझ्या आवडीचं उदाहरण जुनं आहे. 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' हा १९४६ सालचा हॉलिवूडचा सिनेमा, दिग्दर्शक टे गार्नेट. कॅलिफोर्नियात रस्त्याकडेचं एक छोटं हॉटेल. फ्रँक नावाचा भटका माणूस काउंटरवर खायला बसलाय. तव्यावर त्याच्यासाठी हॅम्बर्गर टाकून मालक बाहेर गिऱ्हाइकाकडे गेलाय. एवढ्यात जमिनीवरून काहीतरी घरंगळत येतं. लिपस्टिक आहे. कॅमेरा ती आली त्या वाटेनं जमिनीलगत मागे मागे सरकत जातो आणि दारात उभ्या असलेल्या दोन उघड्या पायांपाशी थांबतो. इथे कट. फ्रँकचा चेहरा, बघतच राहिलाय. पुन्हा कट, आणि आता ती पूर्ण दिसते. लाना टर्नर. पांढरी शॉर्ट्स, पांढरं टॉप, डोक्याला पांढरंच फडकं.

आता क्रम मांडू. लिपस्टिक, पाय, त्याचा चेहरा, मग तिचा चेहरा. ती कोण, मालकाची बायको की मुलगी, आपल्याला अजून ठाऊक नाही. ती त्या क्षणी काय विचार करतेय, तेही नाही. पण तिला बघून एका पुरुषाचं काय झालं, हे मात्र तिचा चेहरा दिसायच्या आधीच कळलंय. म्हणजे त्या खोलीत आपल्याला बसायला जागा मिळाली ती फ्रँकच्या स्टुलावर. तव्यावरचं हॅम्बर्गर करपत असतं, तेही त्याच्याच नादात आपण विसरतो.

आता हाच प्रसंग डोक्यातल्या डोक्यात पुन्हा जोडून बघा. पहिला शॉट आतल्या खोलीत: ती आरशासमोर ओठ रंगवतेय. हातातून लिपस्टिक निसटते. ती वैतागून लिपस्टिकच्या मागे जाते, दारात येते. कट. काउंटरवर एक अनोळखी, मळक्या कपड्यांतला माणूस. कट. पुन्हा तिचा चेहरा: हा कोण उपटला? नटी तीच, शॉर्ट्स तीच, लिपस्टिक तीच. कापडाचा एक इंचही वाढवलेला नाही, तरी बघणारी ती झाली आणि बघितला जाणारा तो. एवढ्यासाठीच म्हटलं, की कपडे मोजू नका, कट मोजा.

या गोष्टीला नाव दिलं लॉरा मल्वी या ब्रिटिश बाईंनी. त्यांचा लेख १९७५ साली 'स्क्रीन' नावाच्या नियतकालिकात आला. लेख मोठा नाही, पण फ्रॉइड आणि लाकां यांच्या मानसशास्त्रात भिजलेला आहे. ते मानसशास्त्र आज सगळ्यांनाच पटतं असं नाही, मलाही सगळं पटत नाही. मात्र त्यांनी केलेली एक विभागणी आजही कामाची आहे. सिनेमात तीन नजरा असतात, असं त्या म्हणतात. एक कॅमेऱ्याची, जी चित्रण करते. दुसरी आपली, प्रेक्षकांची. आणि तिसरी पडद्यावरच्या पात्रांची, एकमेकांकडे बघण्याची. हॉलिवूडचा चोख सिनेमा पहिल्या दोन नजरा लपवतो आणि सगळा भार तिसरीवर टाकतो. आपण बाईकडे टक लावून बघतोय असं आपल्याला वाटतच नाही. बघतोय तो फ्रँक, आपण फक्त त्याच्याबरोबर आहोत. लाज त्याची, मजा आपली.

या तीन नजरा सुट्या करून बघायला हिचकॉकच्या 'रिअर विंडो'सारखा सिनेमा नाही. १९५४ सालचा. मल्वींनीही आपल्या लेखात तो घेतलाय. जेफ हा वृत्तछायाचित्रकार, पाय मोडून प्लास्टरमध्ये, न्यूयॉर्कमधल्या आपल्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर अडकलेला. कडक उन्हाळा, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, आणि याला उद्योग एकच: समोरच्या चाळीवजा इमारतींमधल्या बिऱ्हाडांकडे बघत बसायचं. एका खिडकीत एक तरुण नर्तकी राहते. जेफ तिला नाव देतो 'मिस टॉर्सो', म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर 'धडबाई'. नावातच तिचं डोकं उडवलंय!

सिनेमाची सुरुवात बघा. खिडकीचे पडदे वर जातात, कॅमेरा अंगणावरून फिरतो. एका खिडकीत ही नर्तकी पाठमोरी, कपडे चढवतेय. मग स्वयंपाकघरात काहीबाही करता करता व्यायाम करते. आता विचारा, हे कोण बघतंय? जेफ? नाही. कॅमेरा आत वळतो तेव्हा जेफ खिडकीकडे पाठ करून घामाघूम झोपलेला आहे. सिनेमातल्या कुणीही तिच्याकडे बघितलेलं नाही. बघितलं ते कॅमेऱ्यानं आणि तिकीट काढून आलेल्या आपण. पुढे जेफ जागा होतो, बघू लागतो, आणि तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी जातो. पण पहिला डोकावलेला माणूस तो नव्हता. त्याच सुरुवातीच्या फेरीत कॅमेरा खोलीतल्या एका चौकटीवर थांबतो. तिच्यात एका बाईच्या चेहऱ्याची निगेटिव्ह लावली आहे, आणि शेजारी मासिकांचा गठ्ठा आहे, मुखपृष्ठावर तोच चेहरा, आता छापलेला. हिचकॉक किती पाजी माणूस होता बघा. बाईचं चित्र कसं तयार होतं आणि कुठे विकलं जातं, ते त्यानं एकही शब्द न बोलता आधीच सांगून टाकलंय.

जेफ जागा झाल्यावर सिनेमाचा बराचसा भाग तीन शॉटच्या एका साच्यावर चालतो. जेफ बघतो. समोर काय आहे ते दिसतं. जेफचा चेहरा पुन्हा. हा साचा कसा चालतो, हे स्वतः हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रूफोला सांगितलं होतं. जेम्स स्ट्युअर्टचा बघतानाचा चेहरा घ्या, मधे टोपलीतून खाली सोडलेलं छोटं कुत्रं दाखवा, आणि मग त्याचं स्मित. तो भला गृहस्थ वाटतो. कुत्र्याच्या जागी अर्धवट कपड्यांतली, व्यायाम करणारी मुलगी टाका. स्मित तेच ठेवा. आता तो चावट म्हातारा होतो. चेहऱ्यावर काहीच बदललेलं नसतं. आपण मधल्या शॉटवरून त्याच्या मनातलं वाचतो. यातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: मधल्या शॉटमधल्या कुत्र्याला किंवा मुलीला मन द्यायची या साच्यात सोयच नाही. ती मधे असते, तिच्या आधीही तो, नंतरही तो.

त्यामुळे तिसऱ्या शॉटवर लक्ष ठेवा. बाई दिसल्यानंतर कुणाची प्रतिक्रिया दाखवतात? सतत त्याचीच दाखवत असतील आणि तिची कधीच नाही, तर तुमच्या लेकीचं म्हणणं बरोबर.

पण हा सिनेमा एवढ्यावर थांबला असता तर त्यावर इतकी वर्षं भांडणं झाली नसती. जेफची मैत्रीण लिसा, म्हणजे ग्रेस केली, एका रात्री त्याच्याबरोबर खिडकीत आहे. समोर मिस टॉर्सोकडे तीन पुरुष आलेत, ती त्यांना पेयं देतेय. जेफ म्हणतो, राणीमाशी आहे, हव्या त्या नराला निवडेल. लिसा तेच दृश्य बघते आणि म्हणते, नाही, लांडग्यांना खेळवत ठेवायचं हे बाईचं सगळ्यात अवघड काम ती करतेय. यातल्या कुणावरही तिचं प्रेम नाही. दोघं एकाच खिडकीतून, एकाच अंतरावरून, एकच बाई बघतायत. सिनेमाच्या शेवटी त्या नर्तकीचा माणूस घरी येतो: बुटका, चष्म्याचा, लष्करी गणवेशातला, आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये खायला काय आहे ते शोधतो. लिसा बरोबर निघते. दुर्बीण, टेलिफोटो लेन्स, सगळा सरंजाम जेफकडे. वाचन मात्र तिचं खरं.

सगळ्यात चांगली जागा पुढे आहे. समोरच्या थॉरवल्ड नावाच्या माणसानं बायकोचा खून केलाय असा जेफला संशय. पुरावा शोधायला लिसा त्याच्या घरात शिरते. आता ती त्या समोरच्या खिडकीच्या चौकटीत आहे, जिथे आतापर्यंत बघितली जाणारी माणसं होती. मल्वी म्हणतात, जेफला लिसाबद्दल खरी ओढ वाटू लागते ती इथेच, ती पलीकडच्या खिडकीतलं चित्र झाल्यावर. मुद्दा बिनतोड आहे. पण त्यापुढचे शॉट पाहा. थॉरवल्ड परततो, तिला पकडतो, जेफ खुर्चीत तळमळण्यापलीकडे काही करू शकत नाही. पोलीस येतात. पोलिसांशी बोलताना लिसा हात पाठीमागे नेते आणि बोटातली अंगठी जेफला दाखवते. ती त्या बायकोची लग्नाची अंगठी. थॉरवल्डला तो इशारा दिसतो. तो अंगठीकडे बघतो, मग मान वर करतो, आणि सरळ कॅमेऱ्यात बघतो. म्हणजे जेफकडे. म्हणजे आपल्याकडे. सिनेमाच्या थेटरात अंग चोरून बसावंसं वाटतं तो हा शॉट. आतापर्यंत फुकटात चाललेलं बघणं एका नजरेनं महाग झालं.

टानिया मॉड्लेस्की या अभ्यासक बाईंनी १९८८च्या आपल्या पुस्तकात हिचकॉकच्या सिनेमांतल्या बायकांवर लिहिताना नेमकी ही दुसरी बाजू धरली: हिंडतेफिरते, भिंत चढते, धोका पत्करते ती लिसा, आणि जागेवर खिळलेला असतो तो पुरुष. मल्वी चुकल्या असं म्हणायची मला गरज वाटत नाही. साचा त्यांनी दाखवला तोच आहे. पण त्या साच्यात सिनेमा कुठे पाय अडकून पडतो, हे दर वेळी शॉट लावूनच बघावं लागतं. "मेल गेझ" असा शिक्का मारून चॅनेल बदलला, तर थॉरवल्डची ती नजर हुकते.

आता तुमच्या तमाशापटाकडे येते. कुठला सिनेमा ते तुम्ही लिहिलं नाही, पण तमाशापटांतल्या लावण्या बहुतेकदा एका ठरीव पद्धतीनं लावलेल्या असतात. घुंगरांचे पाय. लोडाला टेकलेला पाटील, मिशीवर हात. कंबर. फेटे उडवणारा घोळका. डोळ्यांचा क्लोज-अप. पुन्हा पाटील. तुमच्या यजमानांना नऊवारी दिसली, मुलीला तो पाटील दिसला. दोघांनी एकाच गाण्यातले वेगवेगळे शॉट बघितले.

मला स्वतःला यात एक गोष्ट फार खटकते. फडावरच्या लावणीत नाचणारी बाई नखशिखान्त एकाच वेळी दिसते, कारण तिथे क्लोज-अप नावाची चीजच नसते. आणि ती बघ्यांकडे बघते. पुढच्या रांगेतल्या एखाद्याला हेरून त्याची फिरकी घेते, तो लाजून मान खाली घालतो, बाकीचे हसतात. बैठकीच्या लावणीत तर अदा बसून, चेहऱ्यानं आणि हातानं करायची. या कलेत उलट बघणं हा कामाचाच भाग आहे. कॅमेरा आला आणि तिचे तुकडे झाले: पाय वेगळे, कंबर वेगळी, डोळे वेगळे. तिनं कुणाला टोमणा मारला तरी पुढचा शॉट पाटलाच्या खूश चेहऱ्याचा, म्हणजे टोमणाही त्याच्याच खात्यात जमा. फडात तिच्या हाती जेवढं होतं, तेवढंही संकलनाच्या टेबलावर गेलं.

आणि इथे मल्वींची चौकट अपुरीही पडते. त्यांनी पुरुष आणि बाई एवढीच विभागणी केली होती. अमेरिकेत बेल हुक्स यांनी १९९२मध्ये विचारलं, की पडद्यावरच्या गोऱ्या नायिकेकडे बघणारी काळी बाई कुणाच्या जागी बसते? आपल्याकडे हा प्रश्न जातीचा होतो. तमाशातल्या कलावंत बायका परंपरेनं बहुतांशी दलित आणि भटक्या जमातींतल्या. लोडाला टेकलेला पाटील गावचा मानकरी. शैलजा पैक यांचं तमाशा आणि जात यावरचं पुस्तक ज्यांनी वाचलं, त्यांना त्या लोडातक्क्याकडे नुसता पुरुष म्हणून बघता येणार नाही. त्या शॉटमधली नजर पुरुषाची आहेच, पण त्या गावाचीही आहे.

हिरोच्या शर्टाचं राहिलं. 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख पाण्यातून वर येतो आणि कॅमेरा त्याच्या पोटावरून फिरतो, तेव्हा तो शंभर टक्के बघण्याची वस्तू आहे, यात वाद नको. गाण्यातलं नृत्य बसवणारी आणि सिनेमा दिग्दर्शित करणारीही बाईच, फराह खान. पण रिचर्ड डायर यांनी १९८२ साली पुरुषांच्या अशा फोटोंवर लिहिताना एक बारीक गोष्ट टिपली होती: उघड्या अंगाचा पुरुष सहसा काहीतरी करत असतो, किंवा करायच्या तयारीत असतो. स्नायू ताणलेले, नजर वर किंवा दूर कुठेतरी. मी निवांत पडलोय, मला बघा, असं तो म्हणत नाही. आपल्याकडेही शर्ट बहुधा मारामारीत फाटतो, आणि फाटल्यावर गोष्ट पुढे जाते. कुणीतरी मार खातो. नायिकेच्या गाण्यात गोष्ट थांबते. तीन-चार मिनिटं कुणीही कुठे जात नाही. हिरोचं अंगप्रदर्शन आणि नायिकेचं अंगप्रदर्शन एकाच तराजूत टाकण्याआधी, त्या वेळात कथा चालू आहे की ठप्प, हे बघा. फराह खान यांच्या त्या गाण्यात कथा ठप्पच होती. म्हणून तर ते गाणं गमतीचं आहे. पुरुषाला मुद्दाम नटीच्या जागी उभं केलंय.

यावरून हेही लक्षात येईल, की कॅमेऱ्यामागे बाई असली म्हणजे नजर आपोआप बदलते, असं नाही. आणि दिग्दर्शक पुरुष असला म्हणजे पुरुषी नजर असतेच, असंही नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये वर्गात आर्ची परश्याकडे टक लावून बघते, आणि अवघडायची पाळी त्याच्यावर येते. नजर पोराची असते आणि पोरीनं लाजायचं असतं, हा वर्षानुवर्षांचा मामला तिथे सरळ उलटा झालाय.

घरी करून बघायचं असेल तर एकच गाणं घ्या. पहिलं एक मिनिट पुरे. आवाज बंद करा, कारण ठेक्यावर मान हलायला लागली की कट दिसत नाहीत. वहीत प्रत्येक कटला एक ओळ: कोण दिसतं, शरीराचा कुठला भाग, आणि चेहरा असेल तर तो कुणाकडे बघतोय. आमच्या फिल्म क्लबात हे करायला बसवलं, की सुरुवातीला सगळे हसतात. वेगवान गाण्यात एका मिनिटाला वहीचं अख्खं पान भरतं, आणि पान अर्धं झालं की हसू ओसरतं. मग ज्या ओळींत चेहराच नाही, त्या मोजा. एकदा एका निवृत्त बँक मॅनेजर काकांनी मोजून झाल्यावर वही मिटली आणि म्हणाले, "हे गाणं मी चाळीस वर्षं बघतोय, तिचा चेहरा आठवतोय असं मला वाटत होतं."

आणि मुलगी पुढच्या वेळी आली, की तिच्याबरोबर 'रिअर विंडो'चा शेवटचा शॉट लावा. जेफ झोपलाय, आता दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. कॅमेरा त्याच्या पायांवरून पुढे लिसाकडे सरकतो आणि तिच्या बुटांपासून सुरू करून वर वर जातो, अगदी त्या लिपस्टिकच्या सिनेमासारखा पायांकडून चेहऱ्याकडे. पण पायांत जीन्स आहे आणि हातात हिमालयावरचं पुस्तक. जेफला आवडेल असं. ती तिरप्या डोळ्यानं त्याच्याकडे बघते, झोपलाय याची खात्री करते, पुस्तक खाली ठेवते आणि फॅशनचं मासिक उचलते. सिनेमातलं कुणीही त्या क्षणी तिच्याकडे बघत नाहीये. कॅमेऱ्याची सवय मात्र गेलेली नाही. तुमच्या घरात पुन्हा वाजेल, पण या वेळी एकाच शॉटवरून वाजेल.